फोटोवरचा फॉरेन्सिक अहवाल: सापडलं ते, आणि सापडू शकत नव्हतं तेही

प्रश्न: मी सायबर फॉरेन्सिकचं काम नुकतंच स्वतंत्रपणे सुरू केलं आहे. एका कंपनीने व्हॉट्सॲपवर आलेला एका पावतीचा फोटो तपासायला दिला आहे. "खरा की बनावट, एका ओळीत लिहून द्या" असं त्यांचं म्हणणं आहे. आधी खात्यांतर्गत चौकशी होईल, पुढे कोर्टातही जाऊ शकतं. मला थोडं काही दिसतंय, पण पूर्ण खात्री नाही. अहवाल कसा लिहू? खात्री नाही हे लिहिलं तर अहवाल कमकुवत ठरेल का?

उत्तर:

कमकुवत ठरणार नाही. उलट, खात्री नसताना ठामपणे लिहिलेलं एकच वाक्य उलटतपासणीत सगळा अहवाल खाली आणतं. हे मी स्वतः भोगलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालमत्तेच्या वादात मी लिहिलं होतं, "सदर छायाचित्रात छेडछाड आढळून आली नाही." वाक्य खरं होतं. पण मला मिळालेली फाइल तीन-चार फोनांमधून फिरून आलेली, लहान झालेली आणि पुन्हा पुन्हा कॉम्प्रेस झालेली होती. तिच्यात छेडछाडीच्या खुणा असत्या तरी टिकल्या नसत्या. ते मी लिहिलं नाही. वकिलांनी माझं वाक्य वाचलं आणि पुढे म्हणाले, "म्हणजे तज्ज्ञांनी फोटो खरा असल्याचा निर्वाळा दिला आहे." दुसऱ्या बाजूने विचारलं, "या फाइलमध्ये छेडछाड असती तर तुम्हाला दिसली असती का?" मला प्रामाणिकपणे "बहुधा नाही" म्हणावं लागलं. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं, तो क्षण मला अजून आठवतो. तेव्हापासून "आढळलं नाही" हे शब्द लिहिले की त्याच परिच्छेदात "असतं तर या फाइलमध्ये आढळलं असतं का" याचं उत्तरही लिहायचं, हा माझा नियम आहे.

आता तुमच्या कामाच्या अगदी जवळचं एक प्रकरण उलगडून सांगतो. ओळख पटेल असे तपशील आणि आकडे बदलले आहेत, पद्धत तीच आहे.

एक पशुखाद्य बनवणारी कंपनी. मका घेऊन ट्रक येतो, बाहेरच्या वजनकाट्यावर वजन होतं आणि गेटवरचा कर्मचारी काट्याच्या पावतीचा फोटो काढून हिशेब विभागाला पाठवतो. पावतीवर भरलेल्या गाडीचं वजन २७,४८० किलो, रिकाम्या गाडीचं ९,२४०, निव्वळ १८,२४०. पैसे निव्वळ वजनावर दिले गेले. गोदामात माल सुमारे पाच टनांनी कमी भरला. कागदी पावती "हरवली". कंपनीने मला व्हॉट्सॲपवरची प्रत दिली आणि लिहिलं, "१३ चं १८ केलं आहे, तसं सर्टिफिकेट द्या."

पहिलं काम म्हणजे हा प्रश्न बदलून घेणं. "१३ चं १८ केलं का" याचं उत्तर फोटो देऊ शकेलच असं नाही. फोटोला विचारता येतं ते इतकंच: या फाइलमध्ये अंकांच्या जागी, कॅमेऱ्याने टिपल्यानंतर बदल झाल्याच्या खुणा आहेत का? मी कंपनीला तसं लेखी कळवलं, त्यांची संमती घेतली आणि अहवालाच्या पहिल्या पानावर दोन्ही प्रश्न लिहिले: त्यांनी विचारलेला आणि मी तपासलेला. त्यांनी मला आधीच कोणावर संशय आहे हे सांगितलं होतं, तेही लिहिलं. तपासणाऱ्याच्या कानावर काय घातलं गेलं होतं हे वाचणाऱ्याला कळायला हवं, कारण संशय कळला की अंधूक खूणही ठळक दिसू लागते.

मग फाइल. उघडण्याआधी तिचा हॅश, म्हणजे फाइलचा बोटाच्या ठशासारखा आकडा, काढायचा, प्रत करायची, मूळ बाजूला ठेवायचं आणि काम प्रतीवर करायचं.

```
sha256sum IMG-20250313-WA0031.jpg
exiftool -a -G1 -s IMG-20250313-WA0031.jpg
```

फाइल १६०० पिक्सेल लांबीची. कॅमेऱ्याचं नाव, वेळ, जागा, काहीच नाही, कारण व्हॉट्सॲप फोटो म्हणून पाठवताना ही माहिती काढून टाकतं. फाइलच्या नावातला १३ मार्च हा फोटो काढल्याचा दिवस नाही, तो व्हॉट्सॲपने त्या फोनवर फाइल साठवल्याचा दिवस आहे. नवशिक्या अहवालांमध्ये ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता मी नावाचा अर्थ अहवालात मुद्दाम एका ओळीत लिहून ठेवतो. कॅमेऱ्याची माहिती नसणं हीसुद्धा संशयाची खूण नव्हे. व्हॉट्सॲपच्या प्रतीत ती नसणारच.

१८,२४० मधला ८ मोठा करून पाहिला, तर तो २७,४८० मधल्या ८ सारखा वाटला. "वाटला" हाच शब्द माझ्या वहीत आहे. या आकारात अंकाची उंची जेमतेम १९ पिक्सेल होती. जेपेग फाइल चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले बारीक तपशील गाळते. म्हणजे आख्खा अंक उंचीला अडीच चौकोनांत मावत होता. छापील अंक तसेही एकमेकांसारखेच असतात, आणि त्यांना वेगळं करणारे कागदाचे तंतू, शाईचे ठिपके, कॅमेऱ्याचा कणीदारपणा नेमके गाळले गेले होते.

म्हणून माझ्या पहिल्या, अंतरिम अहवालाचा निष्कर्ष असा होता. तो जसाच्या तसा देतो, कारण असं वाक्य लिहायला हात धजत नाही हीच बहुतेकांची अडचण असते:

"दिलेली फाइल व्हॉट्सॲपमधून गेलेली, लहान झालेली प्रत आहे. निव्वळ वजनातील '८' व भरलेल्या वजनातील '८' यांत साम्य दिसते. परंतु या प्रतीच्या दर्जात असे साम्य बदल न केलेल्या अंकांमध्येही दिसू शकते. या फाइलवरून अंक बदलले गेले किंवा बदलले गेले नाहीत, यांपैकी कोणतेही मत देता येत नाही. फोटो काढलेल्या फोनमधील फाइल मिळाल्यास पुढील तपासणी शक्य आहे."

कंपनी नाराज झाली. पण शेवटच्या वाक्याने काम केलं. फोन कंपनीनेच दिलेला होता. तो पंचांसमोर ताब्यात घेतला गेला आणि त्यातून ३४१२ गुणिले २२३० पिक्सेलची फाइल मिळाली.

या फाइलमध्ये माहिती होती. काढल्याची वेळ १२ मार्च, सायंकाळी ५.४५. `ModifyDate` मध्ये त्याच रात्री ९.०८. `Software` मध्ये एका फोटो-एडिटिंग ॲपचं नाव. इथे फार जण थांबतात आणि लिहितात, "फोटो एडिट केलेला आहे, सबब बनावट." थांबू नका. उजेड वाढवला, कडा कापल्या, फोटो सरळ केला तरी ॲप हेच नाव लिहितं. शिवाय फोनचं घड्याळ मागेपुढे करता येतं आणि ही माहिती कुणालाही बदलता येते. मी एवढंच लिहिलं की फाइल कॅमेऱ्याने टिपल्यानंतर एका एडिटिंग ॲपमधून पुन्हा साठवली गेल्याचं तिच्यातली माहिती दर्शवते, आणि ॲपमध्ये काय केलं गेलं ते या माहितीवरून समजत नाही.

याच फाइलच्या पोटात १६० गुणिले १२० चं एक छोटं चित्र जपलेलं होतं, आणि त्यात टेबलाची कड आणि पेनाचं टोपण दिसत होतं. मोठ्या चित्रात ते नव्हतं. म्हणजे फोटो कापला गेला होता हे नक्की, कारण ॲपने छोटं चित्र बदलायचं राहून गेलं होतं. पण छोट्या चित्रात अंक वाचता येत नव्हते. कापलं गेलं हे मी ठामपणे लिहिलं, आणि कापणं म्हणजे अंक बदलणं नव्हे हेही त्याच ओळीत लिहिलं.

आता मुख्य तपासणी. पावती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेली होती, म्हणजे प्रत्येक अंक ठिपक्यांनी बनलेला. पावतीवर ८ हा अंक पाच ठिकाणी होता: पावती क्रमांक ५८८६ मध्ये दोन, गाडीच्या क्रमांकाच्या शेवटच्या ४७१८ मध्ये एक, भरलेल्या वजनात एक, निव्वळ वजनात एक. पाच अंकांच्या दहा जोड्या होतात. फोटोत कधी एक वस्तू दुसरीसारखी दिसते म्हणून ती डकवलेली असं म्हणता येत नाही. बाकीच्या, ज्यांबद्दल वाद नाही अशा वस्तू एकमेकींसारख्या किती दिसतात हे आधी मोजावं लागतं. मी दहाही जोड्यांचं साम्य मोजलं. या मापात १ म्हणजे पिक्सेल-पिक्सेल तंतोतंत. नऊ जोड्या ०.६२ ते ०.८१ मध्ये होत्या. संशयातली जोडी ०.९९.

आकड्यापेक्षा मला पटवलं ते डोळ्यांनी. भरलेल्या वजनातल्या ८ च्या खालच्या वाटोळ्यात डावीकडचा एक ठिपका उमटलेला नव्हता, आणि त्याच्या खालून कागदाचा एक तिरका तंतू गेला होता. निव्वळ वजनातल्या ८ मध्येही तोच ठिपका गायब आणि तोच तिरका तंतू. गायब ठिपक्याला निर्दोष कारण असू शकतं: प्रिंटरची एक पिन मेली असेल तर प्रत्येक ८ मध्ये तोच ठिपका सुटेल. म्हणून उरलेले तीन ८ पाहिले. तिघांतही तो ठिपका स्पष्ट होता. आणि पिन मेली म्हणून कागदाचा तंतू दोनदा उगवत नाही. आणखी एक गोष्ट: फोटो थोडा तिरका काढलेला असल्याने पावतीवरचे अंक खाली येताना किंचित मोठे होत गेले होते. निव्वळ वजन सर्वांत खालच्या ओळीत, पण त्यातला ८ त्याच्या शेजारच्या अंकांच्या मापाचा नव्हता. तो वरच्या ओळीच्या मापाचा होता.

अशा वेळी "सापडलं!" म्हणून अहवाल लिहायला बसण्याआधी मी स्वतःच्या मताविरुद्ध वकिली करतो. डकवल्याशिवाय दोन अंक तंतोतंत सारखे कसे होऊ शकतात? याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवलं की झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर मालिकेतल्या काही यंत्रांतून स्कॅन केलेल्या नकाशांमध्ये आकडेच बदलून येत होते. फाइल लहान करण्यासाठी ती यंत्रं 'सारखी दिसणारी' अक्षरं एकदाच साठवत आणि तेच चित्र बाकीच्या जागी लावत. मग ६ च्या जागी ८ येई. कुणाचीही लबाडी नाही, तरी दोन अंक हुबेहूब सारखे! त्यामुळे मला दाखवावं लागलं की आपली फाइल त्या जातीची नाही: ती कॅमेऱ्यातून आलेली जेपेग आहे, आणि जेपेगमध्ये एका जागेचं चित्र दुसऱ्या जागी वापरण्याची सोय नसते. एका कोरड्या ओळीने हे अहवालात आलं, पण उलटतपासणीत नेमका हाच प्रश्न आला तर ती ओळ सोन्याची.

त्यानंतर त्याच फोनने, त्याच काट्याच्या वेगळ्या तारखांच्या वीस पावत्यांचे फोटो काढले आणि त्यांतल्या एकाच पावतीवरच्या सारख्या अंकांची साम्यं मोजली. सर्वांत जास्त साम्य ०.८६ निघालं. मग संशयित फाइल स्वतः व्हॉट्सॲपवरून पाठवून पुन्हा मोजली. नैसर्गिक जोड्या वर सरकून ०.९० पर्यंत पोचल्या आणि संशयातली जोडी ०.९१ वर उतरली. वेगळेपणा जवळजवळ पुसला गेला. पहिल्या अहवालात "मत देता येत नाही" का म्हटलं होतं याचं हे मोजलेलं उत्तर होतं, आणि ते मी परिशिष्टात जोडलं.

७ या अंकाची गोष्ट मात्र अशी सरळ नव्हती. भरलेल्या वजनातला ७ आणि गाडीच्या क्रमांकातला ७ यांचं साम्य ०.९०. तिसरा ७ पावतीच्या वेळेत, ५.३२ ऐवजी चोवीस तासांच्या घड्याळाने छापलेल्या १७:३२ मध्ये होता. त्याच्याशी दोघांचं साम्य ०.७४ आणि ०.७८. म्हणजे ०.९० हा आकडा माझ्या वीस पावत्यांतल्या सर्वोच्च आकड्याच्या जरा वर, पण जरासाच. तंतू किंवा डाग अशी दुजोरा देणारी खूण सापडली नाही. तो अंक डकवून थोडा मोठा-लहान केला असेल, किंवा तो मुळातच ७ असेल. एकाच फोटोतल्या दोन अंकांबद्दल दोन वेगळ्या ताकदीची मतं द्यायची वेळ आली. बरेच जण इथे जोरदार मताच्या आधाराने लंगडं मतही ओढून नेतात. तसं करू नका. प्रत्येक मत स्वतःच्या पायावर उभं राहू द्या.

मत लिहिण्याची जी रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते ती अशी: दोन शक्यता समोरासमोर ठेवायच्या आणि विचारायचं, मला जे दिसलं ते कोणत्या शक्यतेत जास्त अपेक्षित आहे? युरोपातल्या फॉरेन्सिक प्रयोगशाळांच्या ईएनएफएसआय या संस्थेने २०१५ मध्ये मूल्यमापनात्मक अहवालांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा हाच आहे. माझा मजकूर असा होता:

"शक्यता एक: निव्वळ वजनातील '८' हा याच फोटोतील भरलेल्या वजनातील '८' ची डकवलेली प्रत आहे. शक्यता दोन: दोन्ही '८' कागदावर स्वतंत्रपणे छापलेले असून कॅमेऱ्याने तसेच टिपले आहेत. आढळलेले साम्य (न उमटलेला ठिपका, कागदाचा तंतू, वरच्या ओळीशी जुळणारे माप, ०.९९ हे मूल्य) शक्यता एकमध्ये अपेक्षित आहे; शक्यता दोनमध्ये ते अत्यंत अनपेक्षित आहे. सबब निष्कर्ष शक्यता एकला अत्यंत भक्कम आधार देतात.

"भरलेल्या वजनातील '७' बाबत आढळलेले साम्य, तो डकवलेला असण्याच्या शक्यतेला केवळ मर्यादित आधार देते. यावर स्वतंत्रपणे विसंबू नये."

यात "फोटो ९९ टक्के बनावट आहे" असं कुठेही नाही, हे पाहा. साम्याचं ०.९९ आणि बनावट असण्याची शक्यता या दोन गोष्टींचा संबंध नाही, पण आकडा दिसला की वाचणारा त्याची टक्केवारी करतोच. म्हणून आकड्याशेजारी "ही टक्केवारी नव्हे" असं लिहितो. बनावट असण्याची एकूण शक्यता किती, हे ठरवायला साक्षी, हिशेब, हेतू असं बरंच काही लागतं. ते काम न्यायाधीशांचं किंवा चौकशी अधिकाऱ्याचं. "भक्कम", "मर्यादित" हे शब्दही हवेत सोडायचे नाहीत. मी कोणत्या पायऱ्या वापरतो आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ काय, हे त्याच पानाच्या तळाशी द्यायचं.

आणि मग अहवालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा परिच्छेद: या मतातून काय निघत नाही. ८ डकवलेला आहे, पण त्याखाली मूळ अंक कोणता होता ते फोटो सांगत नाही. ३ असेल. ५ असेल. ८ सुद्धा असू शकतो! पावतीवरचा ८ पुसट आला म्हणून कुणी वरचा ठळक ८ उचलून तिथे लावला, अशीही शक्यता आहे, आणि तसं असेल तर वजन बदललेलंच नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याला ही शक्यता हास्यास्पद वाटली. मला ती फारशी संभाव्य वाटत नव्हती, पण फोटोत तिला खोडणारं काही नव्हतं, म्हणून ती अहवालात राहिली. २७,४८० वजा ९,२४० बरोबर १८,२४० हा हिशेब जुळतो, याचाही अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो: कुणी दोन्ही आकडे जुळवून बदलले, किंवा दोन्ही खरेच आहेत. बदल कुणी केला हेही फोटो सांगत नाही. फोन कर्मचाऱ्याच्या नावावर होता, पण फोन हातात कुणाच्या होता हा साक्षीपुराव्याचा विषय. "आरोपीने फोटोत फेरफार केला" हे वाक्य तपासणाऱ्याच्या लेखणीतून कधीही येता कामा नये.

निरीक्षण, त्याचा अर्थ आणि मत ही तीन वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. "दोन्ही अंकांत डावीकडचा ठिपका नाही" हे निरीक्षण. कुणीही फोटो उघडून पाहू शकतो. "डकवण्याने असं होतं, पिन मेल्याने असं होत नाही" हा अर्थ. दुसरा तज्ज्ञ यावर वाद घालू शकतो. मत त्यानंतर. तिन्ही एका वाक्यात कोंबली तर विरोधी वकील मतावर हल्ला करताना तुमचं निर्विवाद निरीक्षणही सोबत बुडवतात. चित्रं जोडताना पाचही ८ एकाच प्रमाणात मोठे करून शेजारी-शेजारी लावा, फक्त संशयातले दोन नकोत. मोठं करताना कोणतीही 'सुधारणा' केली असेल तर ती चित्राखाली लिहा.

एक विनंती: एरर लेव्हल ॲनालिसिसचं, म्हणजे फोटो पुन्हा जेपेगमध्ये साठवून कुठे किती फरक पडतो ते दाखवणाऱ्या पद्धतीचं, चमकदार चित्र संकेतस्थळावरून काढून अहवालाला चिकटवू नका. या पावतीवर मीही ते करून पाहिलं. सगळीच छापील अक्षरं चमकली, कारण काळ्या-पांढऱ्याच्या कडा तशाही चमकतात. खरे अंक आणि डकवलेला अंक यांत फरक दिसला नाही. ही पद्धत वापरली आणि तिच्यातून काही निघालं नाही, हे मी लिहिलं. वापरलेल्या पण निष्फळ ठरलेल्या पद्धती लपवल्या तर उरलेल्या निवडून दाखवल्यासारख्या होतात.

कायद्याच्या बाजूचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राबद्दलच्या, जुन्या कायद्यातल्या कलम ६५ब च्या जागी त्याचं कलम ६३ आलं. त्यातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्याचे दोन भाग आहेत: पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश लिहायचा असतो. म्हणून अहवालातला हॅश आणि प्रमाणपत्रातला हॅश अक्षर न् अक्षर जुळतो ना, हे सही करण्याआधी स्वतः पाहा. हे प्रमाणपत्र किती गांभीर्याने घेतलं जातं ते आपल्या जालन्याच्या निवडणूक याचिकेतून कळतं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नसेल, तर प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण प्रमाणपत्र म्हणजे तुमचं मत नव्हे. ते फाइल कुठून आली आणि तीच आहे एवढं सांगतं, फोटोतला मजकूर खरा आहे असं सांगत नाही. कंपनीने "सर्टिफिकेट द्या" म्हटलं की त्यांना दोन्हींतला फरक समजावून सांगा.

खात्यांतर्गत चौकशीत पुराव्याचे नियम इतके काटेकोर नसतात आणि शक्यतांचं पारडं कुठे झुकतं ते पाहिलं जातं. म्हणून काही जण कंपनीसाठी जरा सैल आणि कोर्टासाठी जपून असे दोन अहवाल लिहितात. एकच लिहा. पहिला अहवाल कोर्टात पोचणारच, आणि दोन्हींतल्या फरकाबद्दल तुम्हालाच विचारलं जाईल.

त्या प्रकरणात पुढे वजनकाट्याच्या संगणकातली नोंद मिळाली: भरलेलं वजन २२,४८०, निव्वळ १३,२४०. कंपनीच्या वकिलांचा फोन आला. "आता तर सिद्धच झालं. ७ बद्दलचं ते 'मर्यादित' काढून तिथेही 'भक्कम' करून द्या." मी नाही म्हटलं. काट्याची नोंद हा स्वतंत्र पुरावा आहे. तो पाहून मी माझं मत वाढवलं तर तोच पुरावा दोनदा मोजल्यासारखं होईल, एकदा त्याच्या नावाने आणि एकदा माझ्या. मला फोटोत जे दिसलं होतं ते नोंद सापडल्यानंतरही तेवढंच होतं. चौकशीत मला विचारलं गेलं, "तुम्ही ७ बद्दल कचरता का?" मी उत्तर दिलं, "८ बद्दल फोटो बोलतो, ७ बद्दल तो जवळजवळ गप्प आहे." चौकशी अधिकाऱ्यांनी दोन्ही आकड्यांसाठी काट्याची नोंद आधार म्हणून घेतली, आणि माझा अहवाल ८ पुरता.

तुमच्या हातात आज फक्त व्हॉट्सॲपची प्रत आहे. म्हणून लिहायला बसण्याआधी कंपनीला आजच एक पत्र द्या: फोटो काढलेला फोन बंद करून जपून ठेवा, त्यातलं काही पुसू नका, कुणी उघडू नका, आणि ज्या फोनवर फोटो आला तोही राखा. मग अंतरिम अहवालात, वर दिला तसा, ही प्रत काय सांगू शकते आणि काय नाही ते लिहा. "मला थोडं काही दिसतंय" असं तुम्ही म्हणता, ते नेमकं कुठे दिसतंय आणि त्याच फोटोतल्या वाद नसलेल्या जागी तसंच दिसतं का, हे आधी मोजून पाहा.